मोजल्याशिवाय मिळणारी खात्री

मुंबईत निदान ४२ माणसे अशी आहेत की त्यांच्या डोक्यावरच्या केसांची संख्या तंतोतंत सारखी आहे. एका केसाचाही फरक नाही. ही माणसे कोण, कुठे राहतात, त्यांचे केस काळे की पांढरे, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यांचे केस कोणी मोजलेले नाहीत आणि मोजणारही नाही. तरीही हे विधान अंदाजाने केलेले नाही. दोन आणि दोन चार होतात, तेवढ्याच खात्रीचे ते आहे.

ही खात्री दोन आकड्यांतून येते. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाखाच्या आसपास केस असतात, काहींना दीड लाखापर्यंत. टाळूचे क्षेत्रफळ आणि दर चौरस सेंटिमीटरला उगवणारे केस पाहिले, तर तीन लाखांचा आकडा कोणी गाठणे शक्य दिसत नाही. म्हणून तीन लाख ही कमाल मर्यादा धरू. ती मुद्दामच ऐसपैस धरली आहे. दुसरा आकडा लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ भरली.

आता डोळ्यांसमोर खणांची एक लांबच लांब रांग आणावी. पहिल्या खणावर ० लिहिले आहे, दुसऱ्यावर १, मग २, असे करत शेवटच्या खणावर ३,००,०००. एकूण खण ३,००,००१. प्रत्येक मुंबईकराने आपल्या केसांच्या संख्येच्या खणात जायचे. पूर्ण टक्कल असलेल्याने शून्याच्या खणात. समजा कोणत्याही खणात ४१ पेक्षा जास्त माणसे नाहीत. मग सगळे खण काठोकाठ भरले, तरी त्यांत मावतील १,२३,००,०४१ माणसे. पण मुंबईकर त्याहून सुमारे एक लाख ४२ हजारांनी जास्त आहेत. ते जाणार कुठे? म्हणजे कोणत्या ना कोणत्या खणात ४१ च्या वर माणसे असलीच पाहिजेत, निदान ४२.

गणितात या युक्तिवादाला पिजनहोल तत्त्व म्हणतात. कबुतरे दहा आणि खुराडी नऊ असतील, तर एका खुराड्यात किमान दोन कबुतरे शिरणारच. एकोणिसाव्या शतकात जर्मन गणिती डिरिक्ले यांनी संख्या सिद्धांतातल्या अवघड सिद्धतांसाठी हा विचार पद्धतशीर वापरला, म्हणून बऱ्याच पाठ्यपुस्तकांत तो त्यांच्याच नावावर आहे. पण केसांचे उदाहरण त्याहून कितीतरी जुने आहे. १६२२ साली जाँ लरशों नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते की दोन माणसांच्या केसांची संख्या सारखी असणे अपरिहार्य आहे. दोनच वर्षांनी निघालेल्या गणिती करमणुकीच्या एका फ्रेंच पुस्तकात हाच विचार पुन्हा आला.

त्याच शतकातला आणखी एक किस्सा फ्रान्समध्ये सांगतात. धर्मशास्त्राचे अभ्यासक पिएर निकोल यांनी लाँगव्हिलच्या डचेसबाईंना सांगितले की पॅरिसमध्ये सारख्याच संख्येचे केस असलेली दोन माणसे नक्की आहेत, मात्र ती कोणती ते दाखवता येणार नाही. बाईंना ते पटेना. मोजल्याशिवाय हे कसे म्हणता येईल, हा त्यांचा प्रश्न. निकोल यांनी हिशेब मांडून दाखवला, तरी बाईंचे समाधान झाले नाही, असे म्हणतात.

बाईंचा आक्षेप आजही पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. रोजच्या व्यवहारात एखादी गोष्ट आहे हे कळते ती सापडल्यावर. इथे क्रम उलटा आहे. अशी जोडी नाही असे गृहीत धरले की माणसांना पुरेशी जागाच उरत नाही, एवढेच हे तत्त्व दाखवते. जोडी कशी शोधावी याबद्दल ते एक शब्दही बोलत नाही. असण्याची खात्री आणि सापडण्याची वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिलीच इथे हाती लागते.

महाराष्ट्रातल्या नावांवर हा हिशेब फार चपखल बसतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन भागांची पद्धत इथे रूढ आहे. इंग्रजीत सही करताना या तिन्हींची आद्याक्षरे येतात. इंग्रजी अक्षरे २६. त्यामुळे तीन आद्याक्षरांच्या जुळण्या २६ गुणिले २६ गुणिले २६, म्हणजे १७,५७६. याचा अर्थ, तीन भागांचे नाव असलेली १७,५७७ माणसे एकत्र आली की त्यातल्या कोणत्या तरी दोघांची तिन्ही आद्याक्षरे त्याच क्रमाने जुळणारच. मोठ्या गावाच्या मतदारयादीत एवढी नावे सहज असतात.

पुणे शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ३१ लाखांहून अधिक होती. त्यात वेगळ्या नामपद्धतीची माणसे बरीच असणार, म्हणून तीन भागांची नावे असलेले फक्त २० लाखच धरू. प्रत्येक जुळणीला ११३ माणसे वाटली तर १९,८६,०८८ माणसांची सोय होते. उरलेल्या जवळजवळ १४ हजारांना कुठेतरी घुसावेच लागते. म्हणून एकाच आद्याक्षरांचे निदान ११४ पुणेकर आहेत.

प्रत्यक्षात हा आकडा कितीतरी मोठा निघेल. एस, पी, के, डी या अक्षरांनी सुरू होणारी मराठी नावे आणि आडनावे भरमसाट आहेत, तर एक्स किंवा क्यू वापरणारा मराठी माणूस शोधावा लागेल. हजारो खण रिकामे राहिले की बाकीच्यांत गर्दी वाढते. त्यामुळे ११४ हा गर्दीचा अंदाज मानू नये. सर्वांत समान वाटणी झाली असती तरी ज्याच्या खाली जाता आले नसते, अशी ती तळाची मर्यादा आहे. नावे कशी ठेवली जातात याची काहीही माहिती नसताना ती मिळते, हे या तत्त्वाचे बळ आहे. आणि ती माहिती नसल्यामुळेच ते याहून पुढे जाऊ शकत नाही.

या युक्तिवादात चूक होते ती बहुधा खण मोजताना. खण खऱ्या शक्यतांपेक्षा जास्त धरले तर बिघडत नाही, निष्कर्ष जरा सौम्य येतो इतकेच. कमी धरले तर मात्र सगळा डोलारा कोसळतो. केसांची मर्यादा तीन लाखांऐवजी ५० हजार धरली असती, तर लाखभर केसांच्या माणसाला जायला खणच नसता आणि ४२ ऐवजी निघालेला भलामोठा आकडा पोकळ ठरला असता. वाढदिवसांच्या बाबतीत हीच गफलत होते. वर्षाचे दिवस ३६५, म्हणून ३६६ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येणार, असे अनेकजण सांगून टाकतात. पण २९ फेब्रुवारीचाही एक खण आहे. ३६६ माणसांना ३६६ वेगवेगळ्या तारखा मिळू शकतात. खात्रीसाठी ३६७ वे माणूस यावे लागते.

वाढदिवसांवरून आणखी एक गोंधळ होतो. २३ माणसांच्या गटात दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, सुमारे ५०.७ टक्के असते, हा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. तो बरोबर आहे, पण तो संभाव्यतेचा निष्कर्ष आहे. सगळ्या तारखा सारख्याच संभवनीय मानून तो काढलेला असतो. वेगवेगळ्या तारखांना जन्मलेली २३ माणसे सहज जमू शकतात. ३६७ जणांना ती सवलत नाही. २३ चा आकडा 'बहुधा' म्हणतो, ३६७ चा आकडा 'असणारच' म्हणतो.

तारखा सारख्या संभवनीय नसतात, याचा महाराष्ट्रातला पुरावा जुन्या शाळांच्या दाखल्यांत आहे. जन्मनोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख लावून टाकत. त्यामुळे एका पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो. अशा ज्येष्ठ मंडळींच्या मेळाव्यात जोडी सापडायला २३ माणसेही लागणार नाहीत. ३६७ हा खात्रीचा आकडा मात्र जागचा हलत नाही, कारण तो वाटणीवर अवलंबूनच नाही.

तिसरी चूक सर्वांत मोहाची. ३६७ माणसांच्या सभागृहात बसलेल्या एखाद्याला वाटते की आपल्या तारखेचा दुसरा कोणीतरी इथे असणारच. तसे नाही. हमी आहे ती कोणत्या तरी दोघांची. एका ठरावीक माणसाबाबत हमी हवी असेल तर हजार काय, लाख माणसे जमवली तरी ती मिळत नाही, कारण बाकीचे सगळे त्याची तारीख चुकवून उरलेल्या ३६५ तारखांत बसू शकतात. घडणे फार दुर्मीळ, पण अशक्य नाही. मुंबईतल्या त्या ४२ जणांचेही असेच. वाचणाऱ्या मुंबईकराच्या केसांच्या संख्येचा दुसरा कोणी असेलच, असे या हिशेबातून निघत नाही.

इथवरची उदाहरणे सोपी होती. माणसे जास्त, खण कमी. खरी रंगत येते ती माणसे आणि खण सारखेच निघतात तेव्हा.

२०२३ चा पुरुषांचा एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक भारतात झाला. त्यात दहा संघ होते आणि साखळी फेरीत प्रत्येक संघ बाकीच्या नऊ संघांशी एकेकदा खेळला, एकूण ४५ सामने. या सामन्यांच्या काळात रोज गुणतालिका छापून येई. त्यात गुणांकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण 'खेळलेले सामने' हा रकाना पाहावा. त्या दीड महिन्यात कोणत्याही रात्री त्या रकान्यात किमान दोन संघांसमोर एकच आकडा होता. सामने कोणत्या क्रमाने लावले, मुंबईत किती आणि पुण्यात किती, कशानेही फरक पडत नाही. वेळापत्रक आखणाऱ्याने दहाही संघांचे आकडे वेगळे ठेवायचे मनात आणले असते, तरी ते त्याला जमले नसते.

का ते पाहू. एका संघाचे खेळून झालेले सामने शून्यापासून नऊपर्यंत कितीही असू शकतात. म्हणजे खण दहा. संघही दहा. प्रत्येक खणात एकेक संघ बसवता येईल असे दिसते आणि तत्त्व लंगडे पडल्यासारखे वाटते. पण ० आणि ९ या दोन खणांकडे नीट पाहावे. ज्या संघाचे नऊ सामने झाले तो बाकीच्या प्रत्येक संघाशी खेळलेला आहे. मग एकही सामना न खेळलेला संघ शिल्लक राहील कसा? हे दोन खण एकाच रात्री भरलेले असू शकत नाहीत. त्यातला निदान एक रिकामा राहतोच. उरतात नऊ खण, आणि संघ दहा. जोडी पडलीच.

संघांच्या जागी माणसे आणि सामन्यांच्या जागी ओळखी ठेवल्या की हाच हिशेब लग्नघरात लागू पडतो. मांडवात जमलेल्यांपैकी प्रत्येकाने आपण तिथल्या किती जणांना ओळखतो ते मोजावे. पाहुणे वीस असोत की दोन हजार, कोणत्या तरी दोघांच्या ओळखींची संख्या सारखीच निघेल. सगळ्यांना ओळखणारा आणि कोणालाच न ओळखणारा एकाच मांडवात असू शकत नाही, एवढ्यावर ते सिद्ध होते.

इथे एक अट शांतपणे आत येऊन बसली आहे. ओळख दोन्ही बाजूंनी असली पाहिजे. ती एकतर्फी धरली तर निष्कर्ष खोटा ठरतो, आणि त्यासाठी तीनच माणसे पुरतात. समजा एक नामवंत गायक आहे, तो बाकी दोघांना ओळखत नाही. दुसरा त्यांचा श्रोता, तो फक्त गायकाला ओळखतो. तिसरा गायकालाही ओळखतो आणि त्या श्रोत्यालाही, पण त्याला मात्र कोणीच ओळखत नाही. ओळखींची संख्या झाली ०, १ आणि २. तिन्ही वेगळ्या. ० आणि २ इथे सुखाने एकत्र नांदतात, कारण एकाने ओळखले म्हणून दुसऱ्याने ओळखायचे बंधन नाही. आयपीएलच्या तालिकेलाही विश्वचषकाचा युक्तिवाद जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथे काही संघ एकमेकांशी दोनदा खेळतात आणि खणांची संख्या संघांपेक्षा वाढते. असे काही सिद्ध करायला बसलेल्याने आधी कोणती अट वापरली जात आहे ते शोधावे. ती अट काढल्यावर विधान मोडते का, हे लहान उदाहरणावर तपासावे. अट काढूनही विधान मोडले नाही, तर एक तर अटीची गरजच नव्हती किंवा उदाहरण पुरेसे शोधलेले नाही.

या विचाराचा सर्वांत बोलका प्रसंग हंगेरीतला आहे. १९५० च्या दशकात शांडोर सालाई हे समाजशास्त्रज्ञ शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास करत होते. त्यांच्या ध्यानात आले की सुमारे वीस मुलांचा कोणताही गट घेतला, तरी त्यात चार मुले अशी सापडतात की ती सगळी एकमेकांची मित्र आहेत, किंवा चार अशी की त्यांच्यातले कोणीच कोणाचे मित्र नाहीत. बालमनाबद्दल काही महत्त्वाचे हाती लागले असे कोणालाही वाटले असते. पण सालाई यांनी निष्कर्ष जाहीर करण्याआधी पॉल एर्डिश, पाल तुरान आणि वेरा शोश या गणितज्ञांना विचारले. उलगडा झाला तो असा की मुलांशी या नियमाचा काही संबंध नाही. पुरेशा मोठ्या गटात हे घडतेच, मग ती मुले असोत, देश असोत की कागदावरचे ठिपके.

चारांऐवजी तिघांचा प्रश्न घेतला तर त्याची सिद्धता कोणालाही कागदावर करता येते. सहा माणसे घ्यावीत. त्यांत तिघे परस्परांचे ओळखीचे किंवा तिघे परस्परांना अनोळखी असणारच. सहांपैकी एक सुमन. बाकीचे पाचजण तिच्या दृष्टीने दोनच खणांत पडतात, ओळखीचे आणि अनोळखी. पाच माणसे दोन खणांत, म्हणजे एका खणात किमान तिघे. समजा अनिल, रेखा आणि बापू हे तिघे तिच्या ओळखीचे आहेत. त्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकमेकांना ओळखत असतील तर ते दोघे आणि सुमन मिळून ओळखीचे त्रिकूट झाले. तिघांपैकी कोणीच कोणाला ओळखत नसेल तर ते तिघेच अनोळखींचे त्रिकूट. आणि सुमनच्या अनोळखी खणात तिघे आले असते, तर ओळखीचे आणि अनोळखी हे शब्द अदलून हाच युक्तिवाद चालला असता.

पाच माणसांत ही हमी नाही. पाचजण गोल बसले आणि प्रत्येकजण फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांना ओळखत असेल, तर कोणतेच त्रिकूट तयार होत नाही. म्हणून सहा हाच नेमका आकडा.

मोठ्या गटांतही असे काही ना काही सापडतेच, हे फ्रँक रॅम्से या इंग्रज गणितज्ञाने तर्कशास्त्रावरच्या एका निबंधात दाखवून ठेवले होते. १९३० च्या जानेवारीत ते वारले तेव्हा त्यांचे वय २६ होते. सालाई यांच्या चौघांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर १९५५ मध्ये ग्रीनवुड आणि ग्लीसन यांनी सिद्ध केले. ते १८ आहे. १७ जणांची ओळखी-अनोळखींची अशी रचना करता येते की तीत कोणतीच चौकडी तयार होत नाही, १८ जणांची करता येत नाही. वीस मुलांच्या गटात सालाई यांना दरवेळी चौकडी दिसली ती त्यामुळेच.

समाजाचा अभ्यास करणाऱ्याने, योगायोग जमवणाऱ्याने किंवा माहितीच्या ढिगातून नमुने काढणाऱ्याने सालाई यांच्यासारखा एक प्रश्न आधी विचारायला हवा: एवढ्या मोठ्या गटात हे न घडणे शक्य तरी होते का? उत्तर 'नाही' असेल, तर सापडलेला नमुना त्या माणसांबद्दल काहीच सांगत नाही, फक्त त्यांच्या संख्येबद्दल सांगतो.

चौघांच्या पुढे वाट फार बिकट आहे. पाचजण परस्परांचे ओळखीचे किंवा पाचजण परस्परांना अनोळखी हवे असतील तर किती माणसे जमवावी लागतील? ४२ पुरत नाहीत आणि ४६ नक्की पुरतात, एवढे सिद्ध झाले आहे. ४३, ४४, ४५ आणि ४६ यांपैकी खरे उत्तर कोणते, हे अजून कोणालाही सांगता आलेले नाही.